‘माझ्याकडे फारसे पैसे आहेत’

वरचं वाक्य कुणाही मराठी माणसाला म्हणून दाखवा. तो पुढच्या शब्दाची वाट पाहील. ‘फारसे’ कानावर पडलं की पाठोपाठ ‘नाहीत’ येणार, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. ‘फारसे पैसे नाहीत’, ‘फारसं काही बिघडलं नाही’, ‘फारसा ओळखत नाही त्याला’. ‘फारसा’ला नकाराचा आधार लागतो आणि तो काढून घेतला की वाक्य लंगडतं. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम वाचल्याचं कुणाला आठवत नाही, पण तो मोडलेला मात्र चौथीतल्या पोरालाही कळतो.

‘आय हॅव मच मनी’ हे वाक्य इंग्रजी कानाला जवळजवळ असंच ऐकू येतं. शाळेत आपल्याला शिकवलं ते मोजणीपुरतं: मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘मेनी’, मोजता न येणाऱ्यांना ‘मच’. मित्र मोजता येतात म्हणून ‘मेनी फ्रेंड्स’, दूध मोजता येत नाही म्हणून ‘मच मिल्क’. नियम खराच आहे, पण अर्धा. तेवढ्यावर विसंबून आपण ‘देअर इज मच ट्रॅफिक टुडे’ म्हणतो आणि समोरचा इंग्रज किंवा अमेरिकन क्षणभर अडखळतो. गर्दी किती आहे ते त्याला समजलेलं असतं, पण ‘आज फारसी गर्दी आहे’ असं काहीतरी त्याच्या कानावर आदळलेलं असतं. तो स्वतः म्हणाला असता, ‘देअर इज अ लॉट ऑफ ट्रॅफिक’. नाहीतर वैतागून, ‘देअर इज सो मच ट्रॅफिक!’

म्हणजे ‘मच’ला होकारार्थी वाक्यात अजिबात मज्जाव आहे असं नाही. मागे ‘सो’, ‘टू’, ‘हाउ’ किंवा ‘अ‍ॅज’ असला की ते कुठेही चालतं, आणि ‘मेनी’चंही तसंच. ‘टू मेनी पीपल’ हे लहान मूलही म्हणतं आणि न्यायाधीशही लिहितो. तिथे ‘अ लॉट ऑफ’ बसूच शकत नाही, कारण ‘टू अ लॉट ऑफ पीपल’ अशी रचना त्या भाषेत नाही. अडचण येते ती ‘मच’ एकटं, उघडं, छोट्या होकारार्थी वाक्यात उभं राहतं तेव्हा. तिथे ते एकतर चुकल्यासारखं वाटतं किंवा एकदम ग्रांथिक. ‘मच हॅज बीन रिटन अबाउट धिस’ हे वाक्य निर्दोष आहे, पण ते प्रबंधात शोभतं, चहाच्या टपरीवर नाही.

‘मेनी’ इतकं हट्टी नाही. ‘आय हॅव मेनी फ्रेंड्स’ या वाक्याला कुणी चूक म्हणणार नाही. तरी गप्पांच्या ओघात ते जरा ताठ बसल्यासारखं दिसतं. मराठीत याच्या जवळचा शब्द ‘अनेक’. ‘माझे अनेक मित्र आहेत’ हे शुद्ध मराठी आहे, पण कट्ट्यावर असं कोण बोलतं? तिथे मित्र ‘खूप’ असतात, ‘पुष्कळ’ असतात, ‘चिक्कार’ असतात, आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘लय’ असतात. ‘अनेक’ येतं अग्रलेखात, भाषणात, अहवालात. शिवाय ‘अनेक’ही ‘मेनी’सारखंच फक्त मोजता येणाऱ्या गोष्टींना लागतं. अनेक माणसं असतात, अनेक पाणी नसतं.

‘मेनी म्हणजे अनेक’ एवढं ध्यानात ठेवलं की होकारार्थी वाक्यांचं बरंचसं काम भागतं. पण ही जोडी सगळीकडे नेली की फसते, आणि ती फसते पुन्हा नकारातच. ‘माझ्याकडे अनेक पुस्तकं नाहीत’ हे मराठीत विचित्र वाटतं. आपण ‘फारशी पुस्तकं नाहीत’ म्हणू. इंग्रजीत मात्र ‘आय डोन्ट हॅव मेनी बुक्स’ हे अगदी साधं, घरगुती वाक्य आहे. प्रश्नाचंही तेच: ‘डिड मेनी पीपल कम?’ हे शेजारीण शेजारणीला विचारते. होकारात औपचारिक वाटणारा हा शब्द नकारात आणि प्रश्नात कोट-टाय उतरवून बसतो. ‘मच’ही तसंच. ‘वी डोन्ट हॅव मच टाइम’ हे वाक्य मित्राला पाठवा किंवा साहेबाला, एक अक्षर बदलावं लागत नाही. नकारात ‘अ लॉट ऑफ’ही चालतं, त्यात काही चूक नाही. पण ‘मेनी म्हणजे जड शब्द’ असं समजून जी मंडळी बोलताना नकारातूनही त्याला हद्दपार करतात, ती विनाकारण कष्ट घेतात.

होकारातही वाक्याच्या सुरुवातीला ‘मेनी’ थोडं सैल होतं. ‘मेनी पीपल थिंक सो’ हे बोलण्यात तितकंसं खटकत नाही, पण ‘आय मेट मेनी पीपल’ खटकतं. लांब वाक्यात तर या शब्दाकडे कुणाचं लक्षही जात नाही, कारण आजूबाजूला इतर पंधरा शब्द असतात. तीन-चार शब्दांच्या वाक्यात लपायला जागाच नसते. ‘आय ईट मेनी मँगोज’ यात आंबा सोडला तर सगळा भार ‘मेनी’वरच आहे, आणि म्हणून हे वाक्य मे महिन्यात आंबे खाणाऱ्या माणसाचं न वाटता आहारतज्ज्ञाच्या नोंदवहीतलं वाटतं. म्हणूनच औपचारिक की अनौपचारिक हा प्रश्न छोट्या वाक्यांत जास्त टोचतो.

हे केवळ कानाचं मत नाही. 1999 साली डग्लस बायबर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी लाँगमनसाठी बोलल्या-लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीचं एक भलंमोठं व्याकरण सिद्ध केलं. संभाषण, कथा-कादंबऱ्या, बातम्या आणि विद्वत्तापूर्ण गद्य असे चार ढीग करून त्यांनी प्रत्यक्ष वापरातली वाक्यं तपासली. ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘लॉट्स ऑफ’ यांचं घर संभाषणात आहे आणि विद्वत्तापूर्ण गद्यात त्यांची जागा ‘मेनी’ आणि ‘मच’ घेतात, हे तिथे दिसतं. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांनी इंग्रजी मुख्यतः छापील पानावरून उचललं. म्हणून आपल्या बोलण्यात ‘मेनी’ जास्त येतं. दोष शिकणाऱ्याचा नाही. त्याला मिळालेला नमुनाच लिखित होता.

आता ‘अ लॉट ऑफ’कडे. ‘लॉट’ हा जुना इंग्रजी शब्द, मूळ रूप ‘ह्लॉट’. कुणाच्या वाट्याला काय यावं हे ठरवण्यासाठी लाकडाचे तुकडे टाकून निवड करायचे, तो तुकडा म्हणजे लॉट. म्हाडाच्या घरांची ‘लॉटरी’ त्याच कुळातली. तुकड्याचा अर्थ पुढे ‘वाटा’ असा झाला, वाट्यावरून लिलावात एकत्र विकायला मांडलेला माल असा झाला, आणि मालाच्या ढिगावरून नुसतं ‘पुष्कळ’. मधला टप्पा आपल्या बाजारात अजून जिवंत आहे. ‘हापूसचा नवा लॉट आला’ असं वाशीचा व्यापारी म्हणतो तेव्हा तो ढिगाबद्दलच बोलत असतो.

‘अ लॉट ऑफ’मधला ढीग आता झिजून गेला आहे, आणि याचा पुरावा क्रियापदात सापडतो. ‘अ लॉट ऑफ पीपल आर वेटिंग’, पण ‘अ लॉट ऑफ वॉटर इज वेस्टेड’. ‘लॉट’ एकवचनी असलं तरी क्रियापद त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. ते मागून येणाऱ्या माणसांकडे किंवा पाण्याकडे पाहतं. मराठीत ‘ढीगभर कपडे पडलेत’ आणि ‘ढीगभर काम पडलंय’ यांत नेमकं हेच घडतं. ढीग पुल्लिंगी एकवचनी असूनही ‘पडलेत’ कपड्यांमुळे आणि ‘पडलंय’ कामामुळे. ‘अ लॉट ऑफ स्टुडंट्स इज अ‍ॅबसेंट’ असं लिहिणाऱ्याने ‘ढीगभर’ आठवावं. ‘लॉट्स ऑफ’ला अनेकवचनी ‘एस’ आहे म्हणून क्रियापद नेहमी अनेकवचनी, असंही नाही. ‘लॉट्स ऑफ टाइम वॉज वेस्टेड’ हेच बरोबर.

वेगाने बोलताना ‘अ लॉट ऑफ’ हे तीन शब्द एकमेकांत विरघळून ‘अलॉटा’ होतात. कानाला एकच शब्द ऐकू येत असल्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तीच मंडळी ‘अ’ आणि ‘लॉट’ जोडून लिहितात. त्यांच्याकडचे शिक्षक ही चूक वर्षानुवर्षं लाल शाईने खोडत आले आहेत. आपल्याकडे ती तुलनेने कमी दिसते, कारण आपण हा शब्द ऐकण्याआधी वाचलेला असतो. पुस्तकी शिक्षणाचा असाही एखादा फायदा.

‘अ लॉट ऑफ’ आणि ‘लॉट्स ऑफ’ यांत संख्येचा फरक नाही. ‘लॉट्स’ म्हणजे अनेक ढीग, म्हणून जास्त, असा हिशोब कुणी करू नये. फरक आहे तो सूर किती मोकळा आहे याचा. ‘अ लॉट ऑफ’ आज बोलण्यात जवळपास तटस्थ झालं आहे: बातम्यांत, सादरीकरणात, कार्यालयातल्या रोजच्या मेलमध्ये ते सर्रास येतं आणि कुणी भुवई उंचावत नाही. शोधनिबंध, करारनामा, कायदेशीर नोटीस, परीक्षेतला निबंध अशा ठिकाणी मात्र ते टाळतात. ‘लॉट्स ऑफ’ त्याहून एक पायरी खाली, हसऱ्या चेहऱ्याचं. मुलांशी बोलताना, सुट्टीच्या बेतात, प्रेमाच्या पत्राखाली. ‘लोड्स ऑफ’, ‘टन्स ऑफ’, ‘हीप्स ऑफ’ ही त्याचीच भावंडं, आणखी सैल.

‘प्लेन्टी ऑफ’ या रांगेत उभं दिसतं खरं, पण ते वेगळंच प्रकरण आहे. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘पुष्कळ’ लिहिलेलं असतं आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. ‘मेनी’ आणि ‘अ लॉट ऑफ’ सांगतात किती आहे. ‘प्लेन्टी ऑफ’ सांगतं की जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त आहे. लॅटिनमधल्या ‘भरलेला’ अशा अर्थाच्या शब्दापासून ते आलं आहे, आणि त्याच प्राचीन धातूचं संस्कृत भावंडं म्हणजे आपलं ‘पूर्ण’ आणि ‘भरपूर’मधलं ‘पूर’. ‘वी हॅव प्लेन्टी ऑफ टाइम’ म्हणजे घड्याळात किती तास उरलेत याची माहिती नव्हे. त्याचा अर्थ ‘निवांत जा, गाडी सुटत नाही’. मराठीत ‘मुबलक’ किंवा ‘रग्गड’ त्याच्या बरेच जवळ जातात. तपासायची सोपी युक्ती अशी: वाक्यानंतर ‘काळजी नको’ जोडून पाहा. ‘जेवण भरपूर आहे, काळजी नको’ जुळतं, म्हणून तिथे ‘प्लेन्टी ऑफ फूड’. ‘रस्त्यावर खड्डे पुष्कळ आहेत, काळजी नको’ जुळत नाही, म्हणून तिथे ‘अ लॉट ऑफ पॉटहोल्स’.

यामुळेच ‘प्लेन्टी ऑफ’ नकारात नीट बसत नाही. ‘वी डोन्ट हॅव प्लेन्टी ऑफ टाइम’ असं सहसा कुणी म्हणत नाही. तिथे ‘मच टाइम’ किंवा ‘इनफ टाइम’ येतं. नको असलेल्या गोष्टींबरोबर ते येतं तेव्हा वाक्याला वादाची धार चढते. ‘प्लेन्टी ऑफ पीपल डिसअ‍ॅग्री’ म्हणणारा माणूस नुसती संख्या सांगत नसतो. ‘असहमत कुणीच नाही म्हणता? कमतरता नाही त्यांची!’ असं तो सुनावत असतो. औपचारिक लेखनात हे काम ‘अ‍ॅम्पल’ करतं. नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात ‘अ‍ॅम्पल पार्किंग’ असतं. तोच बिल्डर गिऱ्हाईकाला फिरवून दाखवताना तोंडाने ‘प्लेन्टी ऑफ पार्किंग’ म्हणेल. जागा तेवढीच.

हे सगळं एका जागी आणून पाहू. समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मुलगी संध्याकाळी सहकाऱ्याला चॅटवर लिहिते: ‘लॉट्स ऑफ बग्ज टुडे. नॉट मेनी सीरियस वन्स. अ लॉट ऑफ पीपल आर ऑन लीव्ह. बट वी हॅव प्लेन्टी ऑफ टाइम.’ चार छोटी वाक्यं, चारही जिथल्या तिथे. आता हाच मजकूर तिला परदेशातल्या ग्राहकाला मेलने कळवायचा आहे.

पहिल्या वाक्यात ती ‘मेनी डिफेक्ट्स वेअर फाउंड टुडे’ असं करील. सूर बरोबर बसला. पण ग्राहक लगेच विचारणार, मेनी म्हणजे किती? चॅटवर ‘लॉट्स’ला कुणी आकडा मागत नाही; मेलमध्ये ‘मेनी’ लिहिताच तो मागितला जातो. तेव्हा आकडा ठाऊक असेल तर ‘31 डिफेक्ट्स वेअर फाउंड’ हे कुठल्याही भारदस्त शब्दापेक्षा बरं. ‘अ लार्ज नंबर ऑफ’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते छोट्या वाक्यात हा शब्दसमूह पोकळ वाटतो. चार शब्द खर्चून माहिती ‘मेनी’एवढीच मिळते. वापरायचाच तर मोजता येणाऱ्या गोष्टींनाच, आणि क्रियापद अनेकवचनी. पैसा, पाणी, वेळ यांना ‘नंबर’ चालत नाही. तिथे ‘अ ग्रेट डील ऑफ’ किंवा ‘अ लार्ज अमाउंट ऑफ’.

दुसरं वाक्य ‘नॉट मेनी आर सीरियस’ असंच ठेवलं तरी बिघडत नाही, कारण नकारातलं ‘मेनी’ दोन्हीकडे चालतं. अधिक औपचारिक हवं तर ‘फ्यू आर सीरियस’. इथे मात्र एक ‘अ’ अर्थ फिरवतो. ‘फ्यू आर सीरियस’ म्हणजे गंभीर अगदी मोजकेच, चिंता नसावी. ‘अ फ्यू आर सीरियस’ म्हणजे काही गंभीर आहेत, लक्ष द्यावं. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे आपल्या हातून हा ‘अ’ सहज गळतो किंवा सहज घुसतो, आणि वाचणाऱ्याला नेमका उलटा निरोप पोचतो. ‘मोजकेच’ म्हणायचं असेल तर ‘अ’ नको, ‘काही’ म्हणायचं असेल तर हवा.

तिसऱ्या वाक्यात ‘मेनी टीम मेंबर्स आर ऑन लीव्ह’ लिहिलं तर कार्यालय ओस पडल्यासारखं वाटेल. चॅटवरच्या ‘अ लॉट ऑफ पीपल’मध्ये थोडी अतिशयोक्ती गृहीत असते, आपण ‘अख्खं गाव रजेवर गेलंय’ म्हणतो तशी. ‘मेनी’ अतिशयोक्ती पचवत नाही, ते शब्दशः वाचलं जातं. खरोखर रजेवर पाच-सहा जण असतील तर ‘सेव्हरल टीम मेंबर्स’ हे खरं आणि औपचारिकही.

चौथं वाक्य सगळ्यात धोक्याचं. ‘वी हॅव प्लेन्टी ऑफ टाइम’ हे सहकाऱ्याला दिलासा देतं. ग्राहकाला तेच वाक्य ‘आम्हाला घाई नाही’ असं ऐकू येऊ शकतं, आणि पैसे मोजणाऱ्याला ते रुचत नाही. इथे तिला निवांतपणा कळवायचा नाही, वेळ पुरेल एवढंच कळवायचं आहे. म्हणून ‘देअर इज सफिशंट टाइम टू फिक्स देम बिफोर द रिलीज.’ यात वेळ कशासाठी पुरेल तेही आलं. ‘आवश्यकतेपेक्षा जास्त’ हा ‘प्लेन्टी’मधला सूर गळाला आणि ‘आवश्यक तेवढा’ राहिला.

परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएसची तयारी करणारी मुलं या बदलाची एक यांत्रिक रीत शिकून येतात: निबंधात ‘अ लॉट ऑफ’ दिसलं की खोडायचं आणि ‘मेनी’ किंवा ‘मच’ लिहायचं. ‘मेनी’च्या बाबतीत हे बहुधा खपून जातं. ‘मच’ मात्र अमूर्त नामांबरोबर आणि गंभीर विधानातच नीट बसतं. ‘देअर हॅज बीन मच डिबेट’ किंवा ‘देअर इज मच एव्हिडन्स’ छान. ‘फार्मर्स यूज मच वॉटर’ मात्र औपचारिक निबंधातही अवघडलेलंच. तिथे ‘अ ग्रेट डील ऑफ वॉटर’ हवं. याच परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारात पत्र लिहावं लागतं, आणि ते मित्राला असू शकतं किंवा अधिकाऱ्याला. मित्राच्या पत्रात ‘मेनी’ची पेरणी करणारा उमेदवारही सूर चुकलेलाच असतो, फक्त उलट दिशेने.

काही छोट्या वाक्प्रयोगांना हे कुठलेच नियम लागू होत नाहीत, कारण ते केव्हाच गोठून गेले आहेत. ‘मेनी थँक्स’ होकारार्थी आहे, दोनच शब्दांचं आहे, तरी ताठ वाटत नाही. ‘थँक्स अ लॉट’पेक्षा ते जरा अधिक सभ्य वाटतं इतकंच. उलट ‘थँक्स अ लॉट’ कोरड्या आवाजात म्हटलं तर ‘उपकार झाले!’ असा टोमणाही होतो. ‘मेनी थँक्स’मध्ये ती सोय सहसा नाही. आपल्या सोसायटीच्या गटावर दर दोन दिवसांनी उगवणारं ‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’ हेही असंच. तिथे ‘अ लॉट ऑफ हॅपी रिटर्न्स’ कुणी लिहीत नाही. जुन्या पत्रांत धाकट्यांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ असायचे, ‘खूप आशीर्वाद’ नसायचे, आणि तरी आजोबा औपचारिक वागताहेत असं नातवंडांना कधी वाटलं नाही.